ऑक्टोबरचं ऊन, डिसेंबरची तारीख : एका वाड्याच्या रेकीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका कमी खर्चाच्या मराठी चित्रपटाची निर्मिती व्यवस्था माझ्याकडे होती. गोष्टीचा मोठा भाग एका जुन्या दुमजली वाड्यात घडतो. वाई तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात तसा वाडा मिळाला. गावाचं, मालकांचं आणि चित्रपटाचं नाव इथे देत नाही. युनिट पस्तीस माणसांचं होतं आणि वाड्यातलं काम चार दिवसांचं.

दिग्दर्शकाचा जीव होता तो चौकातल्या वाळवणाच्या प्रसंगात. ऐन उन्हाळ्यातली दुपार, चौकात बाज टाकलेली, तिच्यावर जुनं लुगडं अंथरून आजी कुरडया घालते आहे आणि उंबऱ्यात नात बसली आहे. संवाद चार-पाच ओळींचे. उरलेलं सगळं उन्हाने सांगायचं. प्रसंग दोन भागांत असल्याने त्याला पूर्ण दोन दिवस ठेवले होते. आजीचं काम करणाऱ्या ताई ज्येष्ठ अभिनेत्री, नाटकाच्या दौऱ्यावर असायच्या. त्यांच्या सलग चार तारखा मिळाल्या त्या १८ ते २१ डिसेंबर.

पहिली रेकी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, १२ तारखेला, आम्ही चौघं शूटिंगची जागा पाहायला गेलो. दिग्दर्शक, कॅमेरामन, कलादिग्दर्शक आणि मी. साउंड रेकॉर्डिस्ट तेव्हा ठरलेलाच नव्हता. दुपारी बाराच्या सुमाराला वाड्यात शिरलो तेव्हा चौकाच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात लख्ख ऊन होतं आणि तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी सावलीची कड अगदी सरळ पडली होती. पश्चिमेकडच्या भिंतीमागे मोठा पिंपळ. तीनच्या पुढे त्याच्या पानांतून गाळून आलेलं ऊन ओटीच्या खांबांवर हलत होतं. दिग्दर्शक तिथेच म्हणाला, ठरलं.

माझ्याकडे रेकीचा एक कागद असतो: वीज, आवाज, ऊन, गाड्या, परवानगी. त्या दिवशी पाचही गोष्टींपुढे मी खूण केली. वीज होती. गाव शांत होतं. ऊन समोर दिसत होतं. वेशीबाहेर मोकळी जागा होती. वाडा दाखवणारे काका, म्हणजे थोरले मालक, "या की, काही अडचण नाही" म्हणाले. मी त्यांना वीस हजारांचं टोकन दिलं आणि ताईंच्या तारखा पक्क्या केल्या.

त्या पाच खुणांचा अर्थ "त्या रविवारी दुपारी ठीक होतं" एवढाच होता. चूक नेमकी तिथे झाली आणि ती माझी होती.

अडचण कुठे दिसली

नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात, मुद्दाम कामाच्या वारी, तांत्रिक रेकी केली. या वेळी साउंड रेकॉर्डिस्ट आणि दिव्यांची-विजेची बाजू सांभाळणारा गॅफर बरोबर होते.

चौकात पाऊल टाकताच कॅमेरामन थबकला. वेळ तीच, दुपारची साडेबारा. पण सावलीची कड तुळशीपाशी नव्हती. ती पुढे सरकून बाज टाकायच्या जागेच्याही पलीकडे गेली होती. उत्तरेच्या ओटीलगत जेमतेम सव्वा मीटरचा उन्हाचा पट्टा उरला होता. फोनमधला ऑक्टोबरचा फोटो काढून आम्ही फरशा मोजल्या. सहा आठवड्यांत ऊन पावणेदोन मीटरहून थोडं जास्तच मागे हटलं होतं.

कारण साधं आहे. वाई साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १२ ऑक्टोबरला तिथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६४ अंशांवर असतो आणि २१ डिसेंबरला ४८-४९ अंशांवर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून चौकाच्या दक्षिण सोप्याची सावली लांबते. हे शाळेत सगळेच शिकलो आहोत. पण रेकीला गेल्यावर डोळ्यांसमोरचं ऊन इतकं खरं वाटतं की तारखेचा विचार मनात येत नाही.

किती लांबते, ते काठीने मोजता येतं. एक मीटर उंचीची काठी मध्यान्हीला उभी धरायची. ऑक्टोबरच्या त्या तारखेला तिची सावली सुमारे ४८ सेंटिमीटर पडते, २० डिसेंबरच्या आसपास ८८ सेंटिमीटर. आमच्या चौकाची दक्षिणेकडची पागोळी जमिनीपासून ६ मीटरवर होती आणि चौकाची दक्षिणोत्तर मोकळी रुंदीही ६ मीटर. म्हणजे ऑक्टोबरमध्ये सावली २.९ मीटर, ऊन ३.१ मीटर. डिसेंबरमध्ये सावली ५.३ मीटर, ऊन फक्त ७० सेंटिमीटर. शिवाय हे मध्यान्हीचं, म्हणजे सगळ्यांत चांगल्या क्षणाचं गणित. त्याच्या आधी आणि नंतर सावली आणखी उत्तरेला सरकते. आमच्या तारखांना बाजेवर ऊन पडणारच नव्हतं.

सूर्यमार्ग दाखवणाऱ्या ॲपनेही तेच सांगितलं. ते ऑक्टोबरमध्येही माझ्या फोनमध्ये होतं, फक्त त्यात शूटिंगची तारीख घालून पाहिलं नव्हतं. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. जुन्या वाड्यात खिडक्यांचे लोखंडी गज, पत्र्याच्या कोठ्या असतात, त्यांच्याजवळ फोनचं होकायंत्र भरकटतं. पहिल्यांदा आमची उत्तर दिशा बरीच चुकली. चौकाच्या मधोमध उभं राहून दिशा पुन्हा घेतली आणि उपग्रह नकाशावरच्या वाड्याच्या भिंतींशी ताडून पाहिली, तेव्हा जुळली.

आवाजाचंही तसंच झालं. रेकॉर्डिस्टने सकाळी सहालाच रेकॉर्डर चौकात लावून ठेवला होता. संध्याकाळपर्यंत त्याने अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद एका कागदावर उतरवली. सहा ते आठ डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या दुचाकी आणि किटल्या. साडेदहाला शेजारच्या जिल्हा परिषद शाळेची घंटा, प्रार्थना, मग मधल्या सुट्टीचा कल्ला. अकरा ते एक मागच्या आळीतली पिठाची गिरणी, तिचा पट्टा एका ठेक्यात वाजत राहायचा. आणि दिवसभर अधूनमधून उसाचे ट्रॅक्टर. रस्ता वाड्यापासून दीडशे मीटरवर, तिथे चढ आहे. दोन ट्रॉल्या भरलेला ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये चढतो आणि वर मोठ्याने गाणी लावलेली असतात. ऑक्टोबरच्या त्या रविवारी शाळेला सुट्टी होती, गिरणी बंद होती आणि गळीत हंगाम सुरू व्हायचा होता.

त्याच दिवशी पुण्याहून धाकट्या मालकांचा फोन आला. "दादांनी सांगितलं असेल, पण माजघर आणि वरचा मजला आमच्या वाटणीचा आहे. मला कुणी विचारलं नाही." त्यांचं बरोबर होतं. ग्रामपंचायतीतला नमुना ८ चा उतारा काढला तर त्यावर तीन नावं होती.

वीज आणि जनरेटर: दोन बाजूंनी ओढणारं गणित

वीज ही या प्रकरणातली सर्वांत मोठी अडचण नव्हती, पण तिचं काम कसं केलं ते तपशिलात सांगतो. रेकीला गेलेले लोक बहुतेक वेळा सॉकेट बघतात आणि पुढे जातात.

गॅफरने काकांकडे विजेचं बिल मागितलं. त्यावर मंजूर भार २ किलोवॅट होता. आमचे दोन मोठे एलईडी दिवे, दोन छोटे, मॉनिटर, बॅटऱ्यांचे चार्जर आणि चहाची शेगडी धरून मागणी सात किलोवॅटच्या आसपास जात होती. शिवाय वाड्यातली वायरिंग जुनी, लाकडी पट्टीवरची. तिच्यावर आमचा एकही दिवा लावायचा नाही, हे तिथेच ठरलं. वायरमनला गाठून विचारलं तेव्हा कळलं की देखभालीसाठी गावाची वीज गुरुवारी काही तास बंद असते. १८ डिसेंबर गुरुवारच होता.

म्हणजे जनरेटर व्हॅन आणणं आलं. ती उभी कुठे करायची? गल्ली एका वळणावर, विजेच्या खांबापाशी, २.१ मीटर भरली. टेपने मोजलं म्हणून कळलं, नजरेला ती सहज रुंद वाटत होती. व्हॅन तिथून जाणार नव्हती. शाळेमागच्या रिकाम्या खळ्यात ती उभी राहू शकत होती, केबलच्या वाटेने वाड्यापासून ७० मीटर.

आवाजाच्या दृष्टीने जनरेटर जितका लांब तितका बरा. सायलेंट जनरेटरला एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा असते आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. त्या हिशेबाने ६०-७० मीटरवर ४० च्या खाली येतो, शिवाय मध्ये घरं होती. पण केबल लांबली की विजेचा दाब कमी होतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या केबलवर ७० मीटर अंतराने २० अँपिअर खेचले तर जाता-येता मिळून सुमारे २० व्होल्ट वाटेतच जातात. २३० चे २१० उरतात. १६ चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर हीच घट तीन-साडेतीन व्होल्टवर येते. जाड केबलचं भाडं जास्त, वजनही जास्त, पण ती घेतली. ती शाळेच्या कुंपणालगत नेली आणि गल्ली ओलांडताना जमिनीवर न टाकता दोन बांबूंवरून वर उचलली. शाळेची मुलं आणि बैलगाड्या त्याच वाटेने जायच्या.

कोणते पर्याय होते

रेकीहून परतताना गाडीतच चर्चा सुरू झाली. तारखेला चार आठवडे उरले होते.

पहिला पर्याय, तारीख तीच ठेवून ऊन दिव्याने तयार करायचं. कॅमेरामनने तो नीट तपासला. मोठा दिवा दक्षिण सोप्याच्या छपरावर चढवावा लागला असता, ते छप्पर कौलांचं. बाहेर टॉवर उभारायला जागा नव्हती. आणि एका दिव्याने आजीच्या चेहऱ्यावर ऊन आणता येतं, पण रुंद शॉटमध्ये तीन मीटर फरशीवर एकसारखं, समांतर सावल्यांचं ऊन येत नाही. उत्तरेच्या वरच्या भिंतीवर डिसेंबरमध्येही ऊन असतं, ते शायनी बोर्डाने खाली वळवता आलं असतं, पण तेही जवळच्या शॉटपुरतंच.

दुसरा पर्याय, दुसरा वाडा. रुंद चौकाचा एक पाहिलाही. तिथे वरच्या मजल्यावर नव्या टाइल्स होत्या आणि मालकी ट्रस्टकडे असल्याने बैठक होईपर्यंत होकार मिळणार नव्हता.

तिसरा पर्याय, सगळं शूटिंग पुढे ढकलायचं. ताईंना सलग चार दिवस थेट मे महिन्यात मिळत होते. निर्मात्याला इतकं थांबणं परवडत नव्हतं.

चौथा पर्याय कॅमेरामनच्या एका वाक्यातून आला. "ऑक्टोबरचं ऊन आपल्याला परत मिळतं, फक्त दुसऱ्या टोकाला." सूर्य २१ डिसेंबरच्या सुमाराला दक्षिणेच्या टोकाला जाऊन परत फिरतो. १२ ऑक्टोबर त्याच्या ७० दिवस आधी. ७० दिवस नंतर येतो १ मार्च. त्या दिवशी सूर्य आकाशात जवळपास त्याच वाटेने जातो. पहिल्या रेकीत आम्ही डिसेंबरचं नाही, मार्चच्या पहिल्या दिवसाचं ऊन पाहिलं होतं.

निर्णय

काम दोन भागांत तोडायचं ठरलं. माजघर, देवघर आणि वरच्या खोलीतले प्रसंग डिसेंबरमध्ये, शनिवार-रविवार दोन दिवसांत. चौकाचे दोन दिवस फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावरच्या शनिवार-रविवारी. ताईंचा तेव्हा दौरा नव्हता. दिग्दर्शकाचा आधी विरोध होता, आणि तो रास्त होता. दोन महिन्यांच्या अंतराने तोच माणूस, तेच लुगडं, तीच तुळस जुळवणं कठीण असतं. कलादिग्दर्शकाने तुळशीची कुंडी स्वतःच्या ताब्यात घेतली आणि चौकाच्या प्रत्येक भिंतीचे फोटो क्रमांक घालून ठेवले, तेव्हा तो तयार झाला.

सोडलेल्या दोन दिवसांचं, दुसऱ्या फेरीच्या प्रवासाचं आणि जेवणाराहण्याचं ओझं अंगावर आलं. पहिल्या रेकीतच काठी उभी केली असती तर हा खर्च टळला असता. ताईंकडे तारखा मागायला मी सुरुवातीलाच तोडलेले दिवस घेऊन गेलो असतो.

परवानगीचं काम पहिल्यापासून पुन्हा केलं. काकांच्या घरी बसलो, धाकटे मालक पुण्याहून आले, तिसऱ्या वाटणीच्या आत्याबाई साताऱ्याहून आल्या. एकच पत्र केलं, तिघांच्या सह्यांचं. त्यात कोणत्या खोल्या, कोणत्या तारखा, किती ते किती वाजेपर्यंत, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, कौल फुटलं तर कोण भरून देणार, आणि पाऊस किंवा आजारपणामुळे दिवस बदलला तर पर्यायी तारीख कोणती, हे सगळं लिहिलं. आत्याबाईंची एकच अट होती, देवघरातले देव हलवायचे नाहीत. तीही पत्रात घातली. भाडं तिघांना वाटणीप्रमाणे वेगवेगळं दिलं. गल्ली आणि खळ्यासाठी ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र घेतलं आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवलं. घाटावरचा एक शॉट आम्ही काढून टाकला. सार्वजनिक जागेसाठी वेगळी परवानगी लागते, आणि एका शॉटसाठी ती वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

गिरणीवाल्या मामांशी बोलणं सोपं गेलं. शनिवार-रविवार दळण सकाळी दहाच्या आत आणि तीनच्या पुढे घ्यायचं, अशी पाटी त्यांनी आठवडाभर आधी गिरणीवर लावली. बुडालेल्या वेळेचे पैसे आम्ही दिले. ट्रॅक्टर थांबवणं शक्यही नव्हतं आणि योग्यही नव्हतं. म्हणून चढाच्या अलीकडच्या वळणावर आमचा एक मुलगा वॉकी घेऊन उभा केला. त्याचा इशारा आला की साधारण चाळीस सेकंदांनी आवाज चौकात पोचायचा. तेवढ्यात टेक पूर्ण करायचा की थांबायचं, ते सहायक दिग्दर्शक ठरवायचा.

काय झालं

डिसेंबरचे दोन दिवस सुरळीत गेले. माजघराच्या जाड भिंतींनी ट्रॅक्टर बराच अडवला.

मार्चचा कॉलशीट, म्हणजे दिवसाच्या कामाचं वेळापत्रक, करताना मी ऑक्टोबरच्या उन्हाच्या हिशेबावरून लिहिलं, "चौकाच्या मध्यावर ऊन: साडेदहा ते सव्वादोन." कॅमेरामनने ते खोडून "अकरा ते अडीच" केलं. सूर्याची वाट तीच असली तरी घड्याळ तेच नसतं. त्या गावात १२ ऑक्टोबरला सूर्य १२ वाजून २१ मिनिटांच्या सुमाराला माथ्यावर येतो आणि १ मार्चला १२ वाजून ४७ मिनिटांच्या सुमाराला. सव्वीस मिनिटांचा फरक. साडेतीन तासांच्या खिडकीत तो फार मोठा होता. त्या अर्ध्या तासात ताईंना उगाच उन्हाविना चौकात बसवून ठेवलं असतं.

शनिवारी शाळा सकाळची होती. अकराच्या सुमाराला मुलं घरी गेली आणि त्याच वेळी उन्हाची कड बाजेच्या पायावर आली. ताईंनी सोऱ्या हातात घेतला. पहिली कुरडई लुगड्यावर पडली तेव्हा तिच्या प्रत्येक शेवेची बारीक सावली दिसत होती. दोन दिवसांत वाळवणाचा प्रसंग पूर्ण झाला. बावीस टेकपैकी ट्रॅक्टरमुळे पाच थांबवावे लागले. गिरणीमुळे एकही नाही.

फसलं ते तीनच्या पुढे. ओटीच्या खांबांवरचं, पानांतून गाळून आलेलं ऊन दिग्दर्शकाला प्रसंगाच्या शेवटी हवं होतं. सूर्य बरोबर तिथेच होता, पण मार्चमध्ये पिंपळाची पानं गळून गेली होती आणि नवी तांबूस पालवी जेमतेम फुटत होती. खांबांवर नुसतं सपाट ऊन पडलं. कलादिग्दर्शकाच्या मुलांनी भिंतीवर चढून आंब्याचे टहाळे बांबूला बांधून धरले, त्यातून जवळचे दोन शॉट निघाले. रुंद शॉट सोडून द्यावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं, आणि कागद आता कसा आहे

पाच विषय तेच आहेत, पण आता एकाही विषयापुढे नुसती खूण करत नाही. प्रत्येकापुढे शूटिंगची तारीख आणि वार लिहून मगच उत्तर भरतो.

उन्हापुढे तीन गोष्टी असतात: पागोळीची उंची, चौकाची रुंदी आणि त्या तारखेची काठीची सावली. तारीख ठरलेली नसेल तर उलटं करतो, पाहिलेलं ऊन वर्षात दुसऱ्यांदा कधी येतं ते लिहितो आणि त्या तारखांभोवती कलाकारांशी बोलतो. डोंगराच्या कुशीतलं गाव असेल तर ॲपमधल्या सूर्यास्तावर विसंबत नाही, ऊन कधी डोंगराआड जातं ते तिथे थांबून बघतो.

आवाजापुढे एक रविवार आणि एक कामाचा वार, अशा दोन नोंदी असतात, आणि त्या महिन्यात गावात काय चालू असतं ते. ऊस, जत्रा, हरिनाम सप्ताह, शाळेच्या परीक्षा. हे सरपंचांपेक्षा चहाच्या टपरीवर जास्त नेमकं कळतं.

विजेपुढे बिलावरचा मंजूर भार, देखभालीचा वार आणि जनरेटरपासूनची केबलची वाट. गाड्यांपुढे सगळ्यांत अरुंद वळणाची टेपने घेतलेली रुंदी. परवानगीपुढे उताऱ्यावरची नावं, आणि त्यातलं प्रत्येक माणूस मला प्रत्यक्ष किंवा फोनवर भेटल्याचा दिवस. टोकन सगळी नावं पूर्ण झाल्यावरच द्यायचं, हे मी आता निर्मात्यालाही आधीच सांगून ठेवतो.

उन्हाच्या खाली एक नवी ओळ आहे: झाडं. कुठलं झाड, कोणत्या बाजूला, त्याची पानं कधी गळतात, आणि तोवर कुणी ते छाटणार तर नाही ना. पिंपळाचं विचारलं तेव्हा काका लगेच म्हणाले होते, "शिमग्याच्या सुमाराला बोडका होतो तो." फक्त मी विचारलं ते मार्चमध्ये, टहाळे बांधताना.